चारपैकी दोनच फाइली आल्या, कामाला बसू का?

*नमस्कार. मी नाशिकला घरून इंग्रजी-मराठी अनुवाद करते. एका संस्थेची ठिबक सिंचनावरची शेतकऱ्यांसाठीची पुस्तिका माझ्याकडे आली आहे. ई-मेलमध्ये लिहिलंय, "सोबत चार फाइली जोडल्या आहेत: मूळ मजकूर, शब्दसूची, मागच्या वर्षीच्या पुस्तिकेचा मराठी अनुवाद आणि सूचनापत्र." मला मात्र दोनच दिसतात, `Booklet_v3.docx` आणि `Marathi.pdf`. आज सोमवार, काम शुक्रवारी द्यायचंय. बाकीच्या दोन वाटेत कुठे अडकल्या असतील का? पुन्हा मागितल्या तर "हिला मेलही नीट बघता येत नाही" असं वाटेल. आलेल्या दोन घेऊन सुरुवात करू का?*
*— एक अनुवादिका*

नमस्कार.

आज अनुवादाला बसू नका. अर्धा तास शोधाशोधीला द्या, एक मेल लिहा, आणि तो गेला की नुसतं वाचन सुरू करा. असं का, ते पुढे सांगतेच. त्याआधी "वाटेत अडकल्या" हा संशय निकालात काढू.

जोडलेल्या फाइली पत्राच्या मागून वेगळ्या चालत येत नाहीत. पाठवणाऱ्यानं बटण दाबलं की मजकूर आणि सगळ्या फाइली मिळून अक्षरांचा एकच लांबलचक पट्टा तयार होतो. तो पोचला तर आख्खा पोचतो, नाहीतर आख्खा परत जातो. याला एक अपवाद आहे, तो पुढे सांगते. पोस्टात पाकीट गहाळ होईल, पण बंद पाकिटातले चारपैकी दोनच कागद गहाळ होणार नाहीत, तसंच हे. फाइली फार जड झाल्या तरी मेल अर्धा येत नाही. पाठवणाऱ्याला नकाराचा निरोप जातो आणि तुमच्याकडे काहीच येत नाही. (या पट्ट्यात प्रत्येक 3 बाइटांची 4 अक्षरं होतात, म्हणून फाइलींचं वजन वाटेत सुमारे एक तृतीयांशानं वाढतं. "20 एमबीच तर होतं, मग परत का आलं?" असं लोक विचारतात ते यामुळे.)

म्हणजे तुमच्या दोन फाइली एकतर तिकडे जोडायच्याच राहिल्या, नाहीतर त्या आल्या आहेत पण फाइल म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. माझ्या अनुभवात पहिलंच जास्त घडतं. आधी "सोबत चार फाइली" असं लिहून टाकायचं, मग फाइली शोधायला जायचं, तेवढ्यात कुणाचा तरी फोन येतो. काहीच जोडलं नाही तर जीमेल पाठवणाऱ्याला कधीकधी टोकतं, पण चार म्हणून दोन जोडल्या तर टोकत नाही. त्याला मोजता येत नाही.

तरीही मागायच्या आधी आपलं घर झाडून घ्यावं. मेल फोनवर पाहिला असेल तर तोच कॉम्प्युटरवर उघडा आणि अगदी तळापर्यंत जा. पत्राच्या अंगात एखादी निळी ओळ किंवा छोटी पट्टी दिसते का पाहा. 25 एमबीच्या वरची फाइल जोडायला गेलं की जीमेल ती गूगल ड्राइव्हवर ठेवून पत्रात नुसता दुवा टाकतं. पाठवणाऱ्याच्या लेखी ती "जोडलेली"च असते, आणि तुम्ही मात्र तळाशी फाइली मोजत बसता. दुवा उघडल्यावर परवानगी मागणारा पडदा आला तर फाइल मिळाली असं धरू नका. "शब्दसूचीच्या दुव्याला माझ्या या पत्त्यासाठी परवानगी द्या" असं स्पष्ट लिहा. परवानगी मिळाली की फाइल लगेच उतरवून घ्या, कारण दुव्यामागची फाइल मालक कधीही बदलू शकतो, आणि तुम्ही कोणत्या दिवशीचा मजकूर पाहून काम केलंत ते नंतर सिद्ध करता येत नाही.

मग त्याच विषयाचे आधीचे मेल पाहा. तिकडच्या कुणीतरी साहेबांनी सूचनापत्र त्यांच्या सहायकाला पाठवलं असेल आणि सहायकानं त्याच मेलला "उत्तर" देताना तुमचा पत्ता त्यात घातला असेल, तर फाइल गळलेली असणार. मेल पुढे पाठवला तर जोडण्या सोबत जातात, उत्तर दिलं तर जात नाहीत. त्या सहायकाच्या पडद्यावर सगळं साखळीत दिसत असतं, त्यामुळे तुम्हालाही दिसतंय असंच त्याला वाटतं.

आणि `winmail.dat` नावाचं काही आलंय का तेही बघा. आउटलुकमधून विशिष्ट प्रकारे मेल गेला की खऱ्या फाइली या एका गाठोड्यात बांधल्या जातात आणि ते दुसरीकडे उघडत नाही. तुमच्याकडे दोन फाइली नीट नावानिशी आल्यात, त्यामुळे हे तुमच्या बाबतीत नसावं.

आता खात्रीचा उपाय. जीमेलमध्ये मेलच्या उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारा आणि `Show original` निवडा. मघाशी म्हटलेला पट्टाच समोर येतो. घाबरण्यासारखं काही नाही, त्यातलं बहुतेक आपल्याला वाचायचंच नाही. मेल जड असेल तर `Download Original` करून तो नोटपॅडमध्ये उघडा. Ctrl+F दाबून `filename` शोधा. प्रत्येक जोडणीपाशी अशी ओळ असते:

```
Content-Disposition: attachment; filename="Booklet_v3.docx"
```

फाइलीचं नाव मराठीत असेल तर ते असं ओळखू न येणाऱ्या रूपात दिसतं:

```
filename="=?UTF-8?B?4KS24KSs4KWN4KSm?="
```

यात दडलेलं नाव आहे "शब्द". दर चार अक्षरांच्या सुरुवातीला `4KS` किंवा `4KW` येत राहिलं की आत देवनागरी आहे असं समजावं. कधी हेच नाव `%E0%A4` आणि `%E0%A5` यांच्या माळेसारखंही येतं. या ओळी मोजा. सहीखालच्या लोगोचं `image001.png` असं काही आलं तर ते मोजू नका. त्या लोगोमुळे उलटी चूकही होते. दोन फाइली आणि दोन लोगो मिळून चार होतात आणि माणूस निर्धास्त राहतो.

दोनच ओळी निघाल्या तर तुमच्या पेटीत दोनच फाइली आल्या, यात शंका उरत नाही. मात्र या तपासाला एक मर्यादा आहे. तुमच्यापर्यंत काय पोचलं तेवढंच तो सांगतो, तिकडून काय निघालं ते सांगत नाही. काही मोठ्या कार्यालयांच्या दारावरची सुरक्षा यंत्रणा संशयास्पद वाटलेली जोडणी काढून घेते आणि बाकीचा मेल आत सोडते. बहुतेक वेळा ती तशी चिठ्ठीही ठेवते. तुमचा पत्ता साधा जीमेलचा असेल तर हा प्रश्न तुमच्या बाजूला येत नाही, पण त्यांच्या कार्यालयातून बाहेर पडताना असं होऊ शकतं. म्हणून त्यांना `Sent` मधला मेल उघडून पाहायला सांगायचं. तिथेही दोनच दिसल्या तर कुणाला काही समजावत बसायची गरज राहत नाही.

आता आलेल्या दोन. "मला दोन दिसतात" असं तुम्ही लिहिलंय, पण त्या चारपैकी कोणत्या दोन ते लिहिलेलं नाही. बहुधा तुम्ही नावांवरून अंदाज बांधला आहे. `Marathi.pdf` म्हणजे मागच्या वर्षीचा अनुवाद असेल, तसं शब्दसूचीही असू शकते, आणि "मराठीसाठी सूचना" असं सूचनापत्रही असू शकतं. त्यांनी वचन कामाच्या नावांनी दिलं आणि फाइली स्वतःच्या नावांनी पाठवल्या. या दोन्हींची सांगड फाइल उघडूनच बसते. एका कागदावर डावीकडे त्यांच्या मेलमधले चार शब्द जसेच्या तसे लिहा आणि उजवीकडे, फाइल उघडून बघितल्यावरच, तिचं नाव लिहा. ज्या दोन ओळींसमोर जागा कोरी राहील, त्या तुमच्या हरवलेल्या फाइली.

उघडल्यावर काय बघायचं? आकार शून्य नाही ना, हे पहिलं. मग शेवटचं पान. तिथे मजकूर पुरा होतो का, की वाक्य मध्येच तुटतं? वर्डच्या फाइलीत पानांपेक्षा शब्दसंख्या टिपा, कारण फॉन्ट बदलला की पानं बदलतात, शब्द बदलत नाहीत. अनुक्रमणिकेत सात प्रकरणं असतील तर आत सात आहेत का ते मोजा. PDF मध्ये पानांचा आकडा भरवशाचा असतो. जुना मराठी अनुवाद युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये केलेला असेल आणि वर्डमध्ये आला, तर फाइल शाबूत येऊनही पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. ती "खराब झाली" असं कळवू नका. फॉन्टचं नाव विचारा, किंवा PDF मागा.

इथं माझी एक फजिती सांगते. एका प्रकाशकाचं काम होतं. लेखकानं प्रत्येक प्रकरण वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेलं, आणि आतल्या फाइलीचं नाव सगळीकडे `Prakaran.docx`. मी एकेक उतरवत गेले. ब्राउझर दुसरीला `Prakaran (1).docx`, तिसरीला `(2)` असं नाव देत गेला. मधे एकदा चुकून एकच फाइल दोनदा उतरवली गेली असं मला वाटलं, म्हणून न उघडता एक पुसून टाकली. आठवड्याभरानं संपादकांचा फोन आला, "सातवं प्रकरण कुठंय?" माझ्या मोजणीत सगळं बरोबर होतं, कारण मी पुसल्यानंतर मोजलं होतं! तेव्हापासून कंसातला आकडा दिसला की मी फाइल उघडल्याशिवाय पुढे जात नाही.

आपण धरून चालू की तुम्ही दोन्ही उघडल्या आणि मूळ मजकूर व जुना अनुवाद आलाय, शब्दसूची आणि सूचनापत्र आलेलं नाही. आता वाटेल की मूळ तर आहे, जुना अनुवादही आहे, मग सुरुवात का करू नये? मराठीत हे महागात पडतं. समजा, ज्यातून थेंब थेंब पाणी पडतं त्या भागाला तुम्ही जुन्या अनुवादाप्रमाणे "तोटी" लिहिलंत. बुधवारी शब्दसूची आली आणि तीत आहे "ड्रिपर", कारण शेतकरी तेच म्हणतात. इंग्रजीत एक शब्द शोधून सगळीकडे दुसरा घालता येतो. आपल्याकडे "तोटी बुजली" चं "ड्रिपर बुजला" होतं. "तोटीतून" चं "ड्रिपरमधून", "तोट्यांची" चं "ड्रिपरची". "ती साफ करून परत बसवावी" यातली "ती" तर शोधून सापडतही नाही, तिथे शब्दच नाही, नुसतं सर्वनाम आहे. शोधा-बदला केल्यावर "ड्रिपर बुजली आहे का ते पाहावे" अशी वाक्यं शेतकऱ्याच्या हातात जातात. प्रत्येक वाक्य हातानं सुधारायला पहिल्यांदा अनुवाद करण्याइतकाच वेळ लागतो, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

सूचनापत्राचं थोडं वेगळं आहे. त्यात "वाचकाला 'तुम्ही' म्हणावे" की "पाइप धुवावा" अशी विध्यर्थी भाषा ठेवावी, आकडे देवनागरीत की इंग्रजीत, एकर की हेक्टर, असल्या गोष्टी असतात. क्रियापदाचं रूप पहिल्या ओळीपासून ठरतं. ते नंतर बदलणं म्हणजे पुस्तिका पुन्हा लिहिणं.

म्हणून मेल आजच जाऊ द्या. "फाइली मिळाल्या, धन्यवाद, पण दोन कमी वाटतात" असा मोघम नको. त्यावर समोरचा घाईत पुन्हा त्याच दोन पाठवतो, हे मी पाहिलंय. असा लिहा:

"नमस्कार सर, आपला आज सकाळी 10.40 चा मेल मिळाला. त्यात या दोन फाइली आल्या आहेत आणि दोन्ही उघडून पाहिल्या:
`Booklet_v3.docx`, मूळ इंग्रजी मजकूर, 6,240 शब्द, 7 प्रकरणे, शेवटचे प्रकरण फिल्टरच्या देखभालीचे.
`Marathi.pdf`, मागील पुस्तिकेचा अनुवाद, 32 पाने.
मेलमध्ये उल्लेख असलेली शब्दसूची आणि सूचनापत्र या दोन फाइली माझ्यापर्यंत आलेल्या नाहीत. कृपया त्या पाठवाव्यात. या कामासाठी शब्दसूची नसेल तर तसे कळवावे, म्हणजे मागील अनुवादातील शब्द कायम ठेवेन. मूळ मजकूर `v3` हाच अंतिम आहे ना? दोन्ही फाइली मंगळवारी दुपारपर्यंत मिळाल्यास शुक्रवारी काम देता येईल."

आकडे अर्थात तुमच्या फाइलींचे घाला. या मेलमध्ये शेवटच्या प्रकरणाचा विषय मुद्दाम लिहिलाय. त्यांच्या `v3` मध्ये आठवं प्रकरण असेल तर वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल, नुसत्या फाइलीच्या नावावरून येणार नाही. "शब्दसूची नसेल तर" हेही सहज लिहिलेलं नाही. पुष्कळदा ती फाइल अस्तित्वातच नसते. मागच्या कामाच्या मेलचा मजकूर उचलून नव्या मेलमध्ये चिकटवलेला असतो आणि त्यात "चार फाइली" तशाच राहिलेल्या असतात. अशा वेळी त्या माणसाला बाहेर पडायला वाट ठेवली की उत्तर पटकन येतं.

आणि "हिला मेल बघता येत नाही" असं कुणी म्हणणार नाही. असं उत्तर वाचून उलट त्यांनाच कळतं की आपल्याकडून काय गेलं. संकोच खूपच वाटत असेल तर आधी फोन करा, पण फोनवर "अहो ताई, सूचनापत्र नसलं तरी चालेल" असं म्हणाले, तर फोन ठेवल्याबरोबर एक ओळ लिहून पाठवा: "आताच्या बोलण्याप्रमाणे सूचनापत्राशिवाय काम सुरू करत आहे." तीन महिन्यांनी त्या जागेवर दुसरा माणूस असतो, आणि त्याला फोन आठवत नाही.

उत्तर येईपर्यंतचा वेळ वाया जात नाही. पूर्ण पुस्तिका एकदा वाचून काढा आणि पारिभाषिक शब्द वेगळे टिपा: lateral, emitter, filter, fertigation. प्रत्येकासमोर जुन्या अनुवादात काय वापरलंय ते लिहा. शब्दसूची आली की ताडून बघायला हा तक्ता लागेलच, आणि नाहीच आली तर हाच तक्ता त्यांना पाठवून मंजूर करून घ्या. तक्ते, आकडे, पत्ते यांची मांडणीही आता करून ठेवता येते, कारण ती शब्दसूचीवर अवलंबून नाही.

आणखी एक पेच राहतो. तुमच्या मेलला उत्तर म्हणून बहुतेक वेळा दोन फाइली येत नाहीत, "पुन्हा चारही पाठवतोय" असं येतं. आता चार आल्या म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका. आधीच्या दोन आणि आताच्या त्याच दोन खरंच एक आहेत का ते बघा, कारण मधल्या वेळात कुणीतरी मूळ मजकुरात एखादा परिच्छेद सुधारलेला असू शकतो आणि नाव मात्र `v3` च ठेवलेलं असतं. दोन्ही मेलमधल्या फाइली वेगवेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा, म्हणजे कंसातल्या आकड्यांचा घोळ होणार नाही. विंडोज असेल तर प्रत्येक फोल्डरमध्ये `Command Prompt` उघडून हे चालवा:

```
certutil -hashfile Booklet_v3.docx SHA256
```

अक्षरांची एक लांब ओळ येते. दोन्हींची ओळ तंतोतंत जुळली तर फाइल तीच आहे, पुढे काही बघायला नको. जुळली नाही तर मजकूर बदललाच असं मात्र नाही. वर्डची फाइल कुणी नुसती उघडून पुन्हा जतन केली तरी ही ओळ बदलते. मग वर्डमध्ये `Review` खाली `Compare` निवडा, डावीकडे सकाळची फाइल द्या, उजवीकडे नवी. जिथे खरोखर बदल झालाय तिथे तो रंगात दिसेल. काहीच रंगलं नाही तर वाचलेलं सगळं कामी आलं. एखाद्या प्रकरणात रंग दिसला तर तेवढा भाग टिपून, नव्या फाइलीवर काम करत असल्याचं त्यांना एका ओळीत कळवा आणि जुनी फाइल पुसू नका, नावापुढे सोमवारची तारीख घालून बाजूला ठेवा.